काय दिसेल, किती दिवस राहील, कोण येईल?

दसरा-दिवाळीच्या तोंडावर सकाळच्या वर्तमानपत्राच्या घडीतून जी रंगीत पत्रके गळून पडतात, त्यांत साड्या, फर्निचर आणि क्लासेसच्या जोडीला हल्ली सीसीटीव्हीचे एखादे पत्रक असतेच. वर मोठ्या अक्षरांत ‘आपल्या दुकानाची सुरक्षा आता आमच्या हाती’, खाली गोल पांढऱ्या कॅमेऱ्याचे चित्र, पिवळ्या चांदणीत ‘४ कॅमेऱ्यांचा सेट फक्त’ म्हणून किंमत आणि तिच्या पायाशी बारीक टाइपात ‘अटी लागू’. मग यादी: २ मेगापिक्सेल एचडी, नाइट व्हिजन, १ टीबी हार्ड डिस्क, मोबाइलवर लाइव्ह, फिटिंग मोफत. शेवटी दोन फोन नंबर.

या पत्रकात खोटे असे काही नाही. अडचण वेगळीच आहे. दुकानदाराच्या मनात तीन प्रश्न असतात. गल्ल्यात हात घालणारा ओळखू येईल का? महिनाअखेरीला माल मोजताना तूट दिसली, तर तोवर रेकॉर्डिंग शिल्लक असेल का? आणि कॅमेरा बंद पडला तर फोन केल्यावर कोण येईल, कधी येईल? या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर पत्रकात नसते. त्यात असते ती सामानाची यादी. गावातल्या पाचही कॅमेरेवाल्यांची यादी सारखीच असल्यामुळे दुकानदारापाशी तुलनेला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे किंमत. चांगले काम करणारा कारागीर इथेच मार खातो. त्याने दोन तास मोजमाप करून कॅमेऱ्याची जागा ठरवलेली असते, चांगली डिस्क घातलेली असते. पण कागदावर तो आणि घाईने चार खिळे ठोकून जाणारा, दोघे सारखेच दिसतात.

म्हणून जाहिरात सुधारायची तर घोषवाक्य बदलून भागत नाही. या तीन प्रश्नांची मोजता येतील अशी उत्तरे छापावी लागतात. त्यासाठी नमुन्याचे एक दुकान डोळ्यांसमोर ठेवू: बाजारपेठेतले किराणा दुकान, १२ फूट रुंद, ३० फूट खोल. पुढे शटर, आत शिरताच डाव्या हाताला काउंटर आणि गल्ला, मध्ये फळ्यांच्या दोन रांगा, मागच्या आठ फुटांत पोती ठेवायची जागा. छत दहा फुटांवर.

मेगापिक्सेल नको, फूट सांगा

‘२ मेगापिक्सेल’ या शब्दांतून दुकानदाराला काही कळत नाही. कॅमेऱ्याचे चित्र आडवे १,९२० ठिपक्यांचे असते, एवढाच त्याचा अर्थ. हे ठिपके किती रुंदीवर पसरतात, त्यावर चेहरा ओळखू येणार की नाही हे ठरते. व्हिडिओ पाळतीसाठी आयईसी ६२६७६-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत त्याची सरळ मोजपट्टी दिली होती. दृश्याच्या एका मीटर रुंदीला २५ ठिपके मिळाले तर तिथे माणूस आहे एवढे कळते. १२५ मिळाले तर ओळखीचा माणूस ओळखता येतो. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने पटवायचा असेल तर २५० लागतात.

आता गणित सोपे होते. १,९२० ठिपके २५० च्या हिशेबाने वाटले तर ते पावणेआठ मीटरला, म्हणजे सुमारे २५ फुटांना पुरतात. कॅमेऱ्यापुढचे दृश्य जिथे २५ फुटांपेक्षा रुंद होते, तिथून पुढे अनोळखी चेहऱ्याची खात्री संपते. दृश्य किती झपाट्याने रुंदावते, हे भिंगावर अवलंबून असते. दुकानांत सर्रास लागणाऱ्या २.८ मिलिमीटरच्या भिंगातून जवळजवळ १०० अंशांचा पट्टा दिसतो. अख्खी खोली एका चित्रात मावते, म्हणून गिऱ्हाइकाला हे भिंग पाहताक्षणी आवडते. पण त्यात चेहरा पटतो तो साधारण दहा फुटांपर्यंतच. ३.६ मिलिमीटरच्या भिंगात हे अंतर पंधरा फुटांवर जाते आणि ६ मिलिमीटरच्या भिंगात पंचवीस फुटांच्या पुढे. मात्र त्यात दिसणारा पट्टा निम्म्यावर येतो. जास्त दिसणे आणि स्पष्ट दिसणे यांतले एक निवडावे लागते, आणि ही निवड कुठल्याच पत्रकात नसते.

‘मग ५ मेगापिक्सेल घेतला तर अडीचपट लांबचे दिसेल ना?’ हा प्रश्न हमखास येतो. तसे होत नाही. ५ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी साधारण २,६०० ठिपके असते, म्हणजे १,९२० च्या सव्वा ते दीडपटीच्या मध्ये. अंतरही तेवढेच वाढते. दहा फुटांचे साडेतेरा होतात, पंचवीस होत नाहीत. बाकीचे ठिपके चित्राच्या उंचीत जातात आणि डिस्क मात्र लवकर भरते.

गल्ल्याचा कॅमेरा ही तर वेगळीच परीक्षा. काउंटरवर भांडण होते ते चेहऱ्यावरून नव्हे, नोटेवरून. ‘मी पाचशेची दिली होती’, ‘नाही, दोनशेची होती.’ पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब असते. चेहरा पटवण्याइतक्या स्पष्ट, म्हणजे मीटरला २५० ठिपक्यांच्या चित्रात तिच्या वाट्याला जेमतेम ३७ ठिपके येतात आणि त्यावरच्या सेंटिमीटरभर उंचीच्या आकड्याला दोन-अडीच. तो आकडा वाचता येणे शक्यच नाही. दोनशेची पिवळी आणि पाचशेची करडी नोट रंगावरून वेगळी ओळखता येते, तीही दिव्याचा उजेड असेपर्यंत. कॅमेरा रात्रीच्या इन्फ्रारेड प्रकाशावर गेला की चित्र काळे-पांढरे होते आणि तो आधारही जातो.

उपाय अवघड नाही. छत दहा फुटांवर आणि काउंटर तीन-साडेतीन फुटांवर, म्हणजे मधे साडेसहा-सात फूट. गल्ल्याच्या बरोबर वर ६ मिलिमीटरचे भिंग लावले तर तेवढ्या अंतरावर दृश्याची रुंदी सुमारे सहा फूट राहते. १,९२० ठिपके सहा फुटांत पडले की मीटरला हजाराच्या घरात जातात. नोट दीडशे ठिपक्यांची होते आणि तिच्यावरचा आकडा वाचता येतो. पत्रकात एवढेच लिहावे: ‘गल्ल्यावरच्या कॅमेऱ्यात नोट किती रुपयांची, हे दिसेल.’ हे वाक्य दुकानदाराला लगेच कळते आणि कॅमेरा बसवल्यावर पाच मिनिटांत नोट ठेवून तपासताही येते.

नमुन्याच्या दुकानातले बाकीचे तीन कॅमेरे असे बसतात. दुसरा आतल्या बाजूने दाराकडे तोंड करून, दारापासून बारा फुटांवर, ३.६ मिलिमीटरच्या भिंगाचा. त्याचे काम एकच: आत येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा. तो छताला लावला तर टोप्या आणि भांग दिसतात, म्हणून आठ फुटांच्या आसपास हवा. इथे आणखी एक खोच असते. दुपारी शटरबाहेर ऊन असते, आत त्या मानाने अंधार. दारातून येणारा माणूस नुसता काळ्या सावलीसारखा दिसतो. यासाठी कॅमेऱ्यात ‘डब्ल्यूडीआर’ ही सोय लागते, उजेड आणि अंधार दोन्ही एका चित्रात सांभाळणारी. काही स्वस्त मॉडेलांत तिच्या नावाखाली चित्र सॉफ्टवेअरने थोडे उजळवलेले असते. फरक ओळखायची रीत सोपी आहे: दुपारी एक वाजता दारात माणूस उभा करून पडद्यावर पाहावे.

तिसरा फळ्यांच्या रांगांवर, २.८ मिलिमीटरचा. तिथे हालचाल दिसली तरी पुरे. चौथा बाहेर, शटर आणि ओट्यावर. पोती ठेवायची मागची जागा चारांपैकी एकाच्याही नजरेत येत नाही. जाहिरात लिहिणाऱ्याने ही गोष्ट झाकू नये, उलट छापावी: ‘चार कॅमेऱ्यांत गोदाम येत नाही, हवे असल्यास पाचवा.’ इथेच आणखी एक गोष्ट उघड होते. चार चॅनेलच्या डीव्हीआरला पाचवा कॅमेरा जोडता येत नाही. पुढे वाढवायचा विचार असेल तर आठ चॅनेलचा डीव्हीआर आधीच घ्यावा लागतो. हे आज सांगितले तर विक्री वाढते, सहा महिन्यांनी सांगितले तर फसवल्यासारखे वाटते.

‘नाइट व्हिजन २० मीटर’ या ओळीबद्दलही दोन शब्द. वीस मीटर हा त्या कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांचा पल्ला. तेवढ्या अंतरावर कुणी तरी आहे, असे कळू शकते. चेहरा पटण्याचे अंतर भिंग आणि ठिपके ठरवतात, आणि रात्री ते दिवसापेक्षा वाढत नाही. शिवाय बाहेरच्या कॅमेऱ्याच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी. भिंगासमोर जाळे झाले की रात्रभर चित्रात नुसता पांढरा धूर दिसतो. हा बिघाड नव्हे, पण झाडू मारायला कुणी तरी यावे लागते.

टीबी नको, दिवस सांगा

साठवणीचे गणित त्याहून सोपे आहे, तरी ते लपलेलेच राहते. कॅमेरा दर सेकंदाला किती माहिती पाठवतो, त्यावर डिस्क किती दिवस पुरेल हे ठरते. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिटने चालवला तर दिवसाला २१.६ जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांचे झाले ८६ जीबी. १ टीबी डिस्कला याने भागले की उत्तर येते साडेअकरा दिवस. बाराव्या दिवशी डीव्हीआर पहिल्या दिवसाचे रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवे लिहायला लागतो. कुठलीही सूचना येत नाही, दिवा लुकलुकत नाही. ही त्याची रोजची रीतच आहे.

किराणा दुकानात मालाची तूट कधी कळते? बहुतेक ठिकाणी महिन्याच्या शेवटी, स्टॉक मोजताना. तेलाचे चार डबे कमी भरले, तर ते पाच तारखेला गेले असतील किंवा पंचवीसला. साडेअकरा दिवसांचे रेकॉर्डिंग असलेल्या दुकानदाराला महिन्याचे शेवटचे दहा-अकरा दिवसच पाहता येतील. म्हणून किराण्याला किमान तीस दिवस लागतात, आणि जाहिरातीत तोच आकडा हवा. सराफाचा हिशेब रोज संध्याकाळी होतो, त्याची गरज वेगळी. कापड दुकानात मोजणी तिमाहीला होत असेल तर तीस दिवसही थोडे. जाहिरात सगळ्या दुकानदारांसाठी एक असली, तरी ‘तुम्ही माल किती दिवसांनी मोजता?’ हा एक प्रश्न तिच्यात छापता येतो. तो वाचून दुकानदार थांबतो.

तीस दिवस मिळवायचे दोन मार्ग. एक, मोठी डिस्क. दुसरा, रेकॉर्डिंग आवळून ठेवणारी नवी पद्धत. डीव्हीआरच्या मेनूत ती एच.२६५ या नावाने दिसते. जुन्या एच.२६४ पेक्षा ती जवळपास निम्म्या जागेत तेवढेच चित्र ठेवते. सेकंदाला १५ चित्रे आणि १ मेगाबिट एवढ्यावर दुकानातल्या हालचालीचे भागते. मग एका कॅमेऱ्याला दिवसाला १०.८ जीबी लागतात, चारांना ४३. तीस दिवसांचे होतात सुमारे १,३०० जीबी. म्हणजे १ टीबी अपुरी आणि २ टीबी पुरून उरते; हिशेबाने ती ४६ दिवस जाते. गल्ल्याच्या कॅमेऱ्याला नोटेसाठी थोडा जास्त वेग द्यावा, त्यासाठीही या उरलेल्या जागेत वाव राहतो.

तिसरा मार्गही सांगितला जातो: फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग. दुकान बंद असताना त्याने जागा वाचते हे खरे. पण पंखा, हलणारा पडदा, बाहेरच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे यांनाही तो हालचालच समजतो, आणि कधी खरी हालचाल सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन सेकंद निसटतात. त्यामुळे ‘९० दिवस रेकॉर्डिंग’ असा दावा या पद्धतीच्या भरवशावर केलेला असेल तर तो आकडा दुकानागणिक बदलतो. जाहिरातीत दिवस छापायचे तर सतत रेकॉर्डिंग धरूनच छापावेत आणि तसे लिहावे.

डिस्क कुठली, हेही एका ओळीत यायला हवे. साधी कॉम्प्युटरची डिस्क दिवसातून आठ-दहा तासांच्या वापराच्या बेताने बनलेली असते. डीव्हीआरमध्ये तिला चोवीस तास लिहीत राहावे लागते. त्यासाठी सर्व्हेलन्स डिस्क वेगळी मिळते आणि महाग असते. किमतीतला फरक कित्येकदा याच एका वस्तूतला असतो. ती कोणती घातली हे बिलावर लिहिले, तर स्वस्त पत्रकाशी तुलना तरी बरोबरीची होते.

एक शेवटची गोष्ट. रेकॉर्डिंग ज्या पेटीत असते, तीच गल्ल्याखाली ठेवलेली असते. चोर शहाणा असेल तर जाताना डीव्हीआरच उचलून नेतो. तो कुलूपबंद पेटीत, नजरेआड आणि वायर तुटणार नाही अशा जागी बसवणे हा फिटिंगचाच भाग. ‘फिटिंग’ या शब्दात हे धरले आहे की नाही, ते छापावे.

येणार कोण आणि येऊन करणार काय

तिसरा प्रश्न सर्वांत कमी शब्दांत उरकला जातो. पत्रकावर ‘२ वर्षे वॉरंटी’ असते. दुकानदार समजतो, दोन वर्षे कुणी तरी येईल. वॉरंटी मात्र कंपनीची असते आणि ती वस्तूची असते. कॅमेरा बिघडला तर कंपनी तो बदलून देईल. शिडी लावून तो काढणे, सर्व्हिस सेंटरला नेणे, परत आणून जोडणे आणि तोवर दुसरा लावणे, हे काम बसवणाऱ्याचे. त्याचे पैसे कुणी द्यायचे, हे न लिहिल्यामुळे पहिल्याच बिघाडाला वाद होतो. म्हणून जाहिरातीत वॉरंटी आणि व्हिजिट या दोन वेगळ्या ओळी हव्यात.

व्हिजिट दोन प्रकारच्या. तक्रार आल्यावरची आणि न बोलावता ठरलेल्या दिवशीची. पहिलीसाठी वेळ छापावी: ‘दुपारी चारपर्यंत फोन आला तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याच्या वेळी माणूस येईल, साप्ताहिक सुट्टी रविवारी.’ ‘तत्पर सेवा’ या शब्दांपेक्षा ही ओळ जड वाटते. पण हिच्यावर दुकानदार विश्वास ठेवतो. पाळता येणार नसेल तर छापू नये. एकटा कारागीर आणि एक मदतनीस असलेल्या धंद्यात ‘दोन तासांत’ हा शब्द पहिल्या पावसाळ्यातच खोटा ठरतो, कारण वीज कडाडली की त्या रात्री दहा दुकानांतले अॅडाप्टर एकदम जातात.

दुसरी व्हिजिट मात्र खरी किमती. सीसीटीव्हीमधला सगळ्यांत वाईट बिघाड दिसतच नाही. डीव्हीआरचा दिवा चालू, टीव्हीवर चारही चित्रे हलताहेत, मोबाइलवरही दिसताहेत; आणि डिस्क दोन महिन्यांपूर्वीच मेली आहे. चालू चित्र दाखवायला डिस्क लागत नाही, त्यामुळे दुकानदाराला संशयही येत नाही. चोरी होते, पोलीस येतात, जुने रेकॉर्डिंग उघडायला जावे तर यादी रिकामी. असाच दुसरा छुपा दोष घड्याळाचा. डीव्हीआरचे घड्याळ मागे-पुढे सरकत राहते. आतला छोटा सेल संपला असेल तर वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग रात्री दहाचा प्रसंग पडद्यावर पहाटे चारचा दिसतो.

म्हणून ठरलेल्या व्हिजिटमध्ये काय होणार, हे चार कामांत सांगता येते. प्रत्येक कॅमेऱ्याचे सर्वांत जुने रेकॉर्डिंग उघडून तारीख पाहणे. डीव्हीआरची वेळ मोबाइलशी जुळवणे. भिंगे पुसणे, जाळी काढणे आणि सरकलेला कॅमेरा पुन्हा जागेवर आणणे. कॅमेऱ्यापाशी १२ व्होल्ट पूर्ण पोहोचतात का आणि वायरीची टोके गंजली नाहीत ना, हे पाहणे. दुकान लहान असेल तर हे सगळे अर्ध्या-पाऊण तासात उरकते. वर्षाच्या देखभाल करारात, ज्याला सगळे ‘एएमसी’ म्हणतात, अशा तीन-चार व्हिजिट आणि ही चार कामे छापली, तर दुकानदाराला पैसे कशाचे देतो ते कळते.

यातली पहिली व्हिजिट बसवल्यापासून पस्तिसाव्या दिवशी ठेवावी, तीही मोफत. कारण सरळ आहे. तीस दिवसांच्या साठवणीचे वचन खरे की खोटे, हे तीस दिवस उलटल्याशिवाय कळत नाही. कारागिराने त्या दिवशी येऊन तिसावा दिवस उघडून दाखवला की वचन पुरे झाले. दाखवता आला नाही तर डिस्क वाढवण्याचा खर्च कुणाचा, तेही आधीच लिहून ठेवावे.

चोरीनंतर रेकॉर्डिंग काढून देणे, हीसुद्धा सेवाच आहे आणि ती बहुतेक पत्रकांत नसते. पोलिसांना फक्त मोबाइलवरून पडद्याचा काढलेला व्हिडिओ देऊन पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. जुन्या कायद्यातही प्रमाणपत्राची अट होती. ती टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले, ते जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात. तिथेही वादाच्या मुळाशी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण होते. कारागिराने कायद्याचा सल्ला देऊ नये. पण ‘घटनेनंतर त्याच दिवशी येऊन मूळ रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर काढून देऊ, पुसले जाण्याआधी’ एवढे तो छापू शकतो.

आणि पासवर्ड. अनेक दुकानांत डीव्हीआरचा मुख्य पासवर्ड बसवणाऱ्याकडेच राहतो. तो गाव सोडून गेला किंवा त्याच्याशी बिनसले की दुकानदार आपल्याच यंत्राबाहेर. शिवाय कुणा तरी परक्याच्या मोबाइलवर दुकान दिसत राहते, ते वेगळेच. ‘काम संपल्यावर पासवर्ड तुमच्यासमोर बदलून तुमच्या हाती’ ही ओळ फुकट आहे आणि भरवसा मिळवून देते.

बारीक टाइपाचे काय?

किमतीजवळची चांदणी काढायची गरज नाही. तिच्यात काय धरले आहे ते सांगायची गरज आहे. सेटबरोबर बहुधा ९० मीटरचे वायरचे बंडल मिळते. नमुन्याच्या दुकानात ते पुरेल, पण वरच्या मजल्यावर डीव्हीआर ठेवला तर पुरणार नाही, आणि पुढच्या प्रत्येक मीटरचे पैसे लागतील. वायर झाकायची पट्टी, टीव्ही, यूपीएस, इंटरनेट आणि जीएसटी हे किमतीत आहेत की बाहेर, ते चांदणीशेजारीच लिहावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यांत म्हटले आहे की खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, अक्षरेही तशीच हवीत आणि खुलाशाने मूळ दावा उलटा फिरवू नये. मराठीत ‘फिटिंग मोफत’ आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत वायरिंगचे पैसे, ही तऱ्हा त्यात बसत नाही.

‘चोरी होणारच नाही’, ‘शंभर टक्के सुरक्षा’ हे शब्दही गाळावेत. कॅमेरा चोराला अडवत नाही. त्याने काय केले ते दाखवतो, आणि तेही वीज असेल, डिस्क चालू असेल आणि चेहरा ठरलेल्या अंतरात आला तर.

हे सगळे जमवून एका अर्ध्या पानाच्या पत्रकाचा मजकूर असा होऊ शकतो:

‘किराणा आणि जनरल स्टोअर्ससाठी ४ कॅमेऱ्यांची जोडणी.

काय दिसेल: गल्ल्यावर दिलेली नोट किती रुपयांची, ते. दारातून आत येणाऱ्याचा चेहरा. फळ्यांमधली हालचाल. शटर आणि ओटा, रात्रीही. गोदाम यात येत नाही. जागा आधी येऊन मोजू. मोजणीचे पैसे नाहीत.

किती दिवस राहील: चारही कॅमेरे दिवसरात्र चालू ठेवून ३० दिवस. २ टीबी सर्व्हेलन्स डिस्क. मॉडेल नंबर बिलावर. तुम्ही माल तीस दिवसांपेक्षा उशिरा मोजत असाल तर आधी सांगा.

कोण येईल: ३५ व्या दिवशी आम्ही येऊन तिसावा दिवस उघडून दाखवू. नाही दिसला तर मोठी डिस्क आमच्या खर्चाने. पहिल्या वर्षी आणखी तीन व्हिजिट, न बोलावता. तक्रारीचा फोन चारच्या आत आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस. चोरी झाल्यास रेकॉर्डिंग त्याच दिवशी काढून देऊ.

किमतीत धरलेले: कॅमेरे, डीव्हीआर, डिस्क, कुलपाची पेटी, ९० मीटर वायर, फिटिंग, जीएसटी. किमतीबाहेर: जादा वायर, टीव्ही, यूपीएस, इंटरनेट. पासवर्ड तुमच्याच हाती.’

खाली किंमत, एकच फोन नंबर आणि जो माणूस येणार त्याचे नाव. मोबाइलवरून पाठवायचे असेल तर हाच मजकूर चार ओळींत आणून सोबत खऱ्या दुकानातली दोन चित्रे जोडावीत: एक गल्ल्यावरच्या नोटेचे, दुसरे भर दुपारी दारात उभ्या माणसाचे. मात्र ती त्याच मॉडेलच्या कॅमेऱ्यातून आणि त्याच अंतरावरून घेतलेली असावीत, आणि ज्याचे दुकान व ज्याचा चेहरा, त्या दोघांची परवानगी घ्यावी. कंपनीच्या पुस्तिकेतले चकचकीत चित्र छापले की गिऱ्हाईक आपल्या दुकानात तसेच दिसेल असे धरून चालते.

असे पत्रक छापणाऱ्याला धोका आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याची किंमत शेजारच्या चांदणीपेक्षा जास्त दिसेल, कारण २ टीबीची डिस्क आणि चार व्हिजिट फुकट होत नाहीत. काही फोन त्यामुळे कमी येतील. जे येतील, ते मात्र ‘कितीला देता?’ने सुरू न होता ‘मोजायला कधी येता?’ने सुरू होण्याची शक्यता अधिक.

दुकानदाराने आपल्या बाजूने एवढे करावे. हातात आलेले पत्रक कुठलेही असो, काय दिसेल, किती दिवस राहील आणि कोण कधी येईल या तीन ओळी कारागिराकडून बिलाच्या मागे लिहून घ्याव्यात. सगळे पैसे एकदम देऊ नयेत. शेवटचा हप्ता पस्तिसाव्या दिवशी, तिसाव्या दिवसाचे रेकॉर्डिंग पडद्यावर पाहून द्यावा.